शंभर क्यूबिट गुंतवले, पण अचूकता नेमकी किती वाढली?

"शंभर क्यूबिट एकमेकांत गुंतवले की सेन्सर शंभरपट अचूक होतो. गुंतलेले क्यूबिट तत्क्षणी एकमेकांशी बोलतात, एकाला जे कळतं ते सगळ्यांना कळतं, म्हणून चुका उरतच नाहीत. सुटे क्यूबिट वापरणं आता जुनं झालं. दहा लाख गुंतवा, दहा लाखपट अचूकता घ्या."

क्वांटम सेन्सरबद्दल असा दावा केला जातो. क्यूबिट म्हणजे 0 आणि 1 या दोन अवस्थांत एकाच वेळी राहू शकणारी क्वांटम वस्तू, आणि गुंतवणं म्हणजे अनेक क्यूबिटांची मिळून एकच अवस्था तयार करणं. दावा तपासताना आधी आकड्याकडे बघू, कारण पुढची बरीचशी गफलत तिथूनच सुरू होते. 'इतक्या पट' म्हणायचं तर कशाच्या तुलनेत, हे आधी सांगावं लागतं. एक सुटा क्यूबिट घ्या. त्याला 0 आणि 1 यांच्या समसमान मिश्रणात ठेवायचं, ज्या क्षेत्राचं मापन करायचं त्यात काही वेळ राहू द्यायचं आणि मग वाचायचं. दरम्यान 0 आणि 1 या दोन भागांमध्ये फेजचा, म्हणजे लाटेच्या चक्रातल्या स्थानाचा, फरक पडतो, त्याला φ म्हणू. वाचताना मिळतं ते फक्त +1 किंवा −1, आणि +1 मिळण्याची शक्यता असते (1 + cos φ)/2. म्हणजे φ थेट दिसत नाही. तो नाणेफेकीच्या कलावरून ओळखावा लागतो. एका क्यूबिटवरून एका वाचनात येणारी अनिश्चितता साधारण १ रेडियन. शंभर सुटे क्यूबिट एकत्र वाचले की शंभर नाणेफेकी होतात आणि अनिश्चितता √100 ने, म्हणजे दहापट घटून ०.१ रेडियनवर येते. N सुट्या क्यूबिटांसाठी 1/√N, हीच प्रमाणित क्वांटम मर्यादा. गुंतलेल्या शंभरांनी, सगळं आदर्श असेल तर, 1/N म्हणजे ०.०१ रेडियन गाठता येतात. हेच हायझेनबर्ग स्केलिंग.

म्हणजे शंभरपट हा फायदा एकट्या क्यूबिटच्या तुलनेत आहे. पण शंभर क्यूबिट हाताशी असताना तुलना एकट्याशी करायचं कारणच काय? तेच शंभर सुटे वापरले तरी दहापट फायदा होतोच. गुंतवल्यामुळे पदरात पडतात ती वरची दहापट. ही दहापट खरी आहे आणि मोठी आहे, ती कमी लेखायचा माझा अजिबात हेतू नाही. अचूकतेच्या भाषेत दहापट म्हणजे, सुट्या क्यूबिटांनी तेच गाठायचं तर शंभरपट क्यूबिट किंवा शंभरपट वाचनं लागतील. माझं म्हणणं इतकंच की ती कुठून येते आणि कुठे संपते, हे नीट सांगितलं पाहिजे.

आता 'एकमेकांशी बोलतात' हा भाग. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच, कारण प्रत्यक्षात जे घडतं ते जवळजवळ याच्या उलट आहे. दोनच क्यूबिट घेऊन पाहू, म्हणजे सगळं कागदावर मावेल. दोघांना |00⟩ + |11⟩ या अवस्थेत, म्हणजे 'दोघंही 0' आणि 'दोघंही 1' यांच्या मिश्रणात, तयार करायचं. क्षेत्रात ठेवल्यावर प्रत्येक क्यूबिट आपापल्या जागी, स्वतंत्रपणे, आपल्या 1 या भागाला φ इतका फेज लावतो. मापन चालू असताना दोघांमध्ये कसलाही व्यवहार होत नाही. पण |11⟩ या भागात दोन 1 आहेत, म्हणून त्याला φ दोनदा लागतो आणि अवस्था |00⟩ + e^(2iφ)|11⟩ होते. सगळी करामत एवढीच आहे. फेज एकाच पदावर साचत जातात. N क्यूबिटांची अशी अवस्था घेतली तर फेज Nφ होतो. ग्रीनबर्गर, हॉर्न आणि झायलिंगर यांच्या नावावरून तिला जीएचझेड अवस्था म्हणतात.

आता वाचन. दोन्ही क्यूबिट वाचले की ++, −−, +− आणि −+ अशा चार शक्यता असतात. दोघांची उत्तरं सारखी येण्याची शक्यता (1 + cos 2φ)/2 आहे. पण त्यातल्या एकट्याचं उत्तर पाहिलं तर? + येण्याची शक्यता बरोबर निम्मी. φ काहीही असो, निम्मीच. एकट्या क्यूबिटला φ बद्दल काडीमात्र माहिती नसते. 'एकाला कळतं ते सगळ्यांना कळतं' हे म्हणूनच चुकीचं आहे: इथे कोणालाच काही कळलेलं नसतं, माहिती फक्त सगळ्यांच्या उत्तरांच्या मेळात असते. शंभर क्यूबिटांत ती सगळ्या उत्तरांच्या गुणाकारात, म्हणजे पॅरिटीत असते. नव्याण्णव उत्तरं नीट नोंदवली आणि शंभरावं हरवलं, तर त्या वाचनातून φ बद्दल हाती काहीच लागत नाही. शंभर सुट्यांपैकी एक हरवला असता तर उरलेले नव्याण्णव आपापलं काम करतच राहिले असते.

फायदा नेमका कुठे होतो, तेही पाहू. सुट्या शंभरांच्या उत्तरांची बेरीज घेतली तर φ किंचित हलल्यावर ती जास्तीत जास्त शंभराच्या उताराने बदलते, आणि तिच्यातली यादृच्छिक चढउतार √100 म्हणजे दहा असते. दहा भागिले शंभर, ०.१. जीएचझेडच्या पॅरिटीचा उतारही शंभरच असतो, कारण cos 100φ शंभरपट वेगाने बदलतो. पण पॅरिटी ही एकच ±1 संख्या असल्याने तिची चढउतार फक्त एक. एक भागिले शंभर, ०.०१. उतार दोन्हीकडे तोच आहे, फरक पडतो तो चढउतारीत. संदेशांच्या देवाणघेवाणीला या हिशेबात जागाच नाही.

शंका उरली असेल तर २००७ सालचा एक प्रयोग पुरेसा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या गटाने कोणतंही गुंतवणं न करता, एकेक फोटॉन त्याच फेजमधून अनेकदा फिरवून हायझेनबर्ग स्केलिंग दाखवलं. एक फोटॉन N वेळा गेला की त्यावरही Nφ साचतो. जिथे बोलायला दुसरं कोणी नाही, तिथेही तोच परिणाम मिळतो. फरक इतकाच की गुंतलेले क्यूबिट हे काम एकाच वेळी, समांतर करतात, तर एकटा फोटॉन एकामागून एक, जास्त वेळ घेऊन करतो. जिथे वेळ कमी असतो तिथे हा फरक फार मोलाचा ठरतो. त्याकडे पुढे येतोच.

cos 100φ चं एक दुखणंही सांगायला हवं, कारण या दाव्यांत ते कधीच येत नाही. हा वक्र दर ३.६ अंशांनी पुन्हा तसाच येतो, आणि त्यातही वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या बाजूंवर तीच किंमत मिळते. त्यामुळे φ आधीच साधारण १.८ अंशांच्या पट्ट्यात माहीत असेल तरच वाचनाचा अर्थ लागतो. घड्याळाचा फक्त सेकंदकाटा दिसावा आणि तास-मिनिटं झाकलेली असावीत, तसं हे आहे. यावर उपाय आहे: क्यूबिटांचे १, २, ४, ८ असे गट करायचे, लहान गटांवरून φ चे ठळक अंक काढायचे आणि मोठ्या गटांवरून बारीक अंक. प्रत्येक गट काही वेळा वाचावा लागतो, पण N वाढेल तसं 1/N हे प्रमाण शाबूत राहतं, पुढे फक्त एक स्थिरांक लागतो. म्हणजे सगळे शंभर एकाच गुंत्यात टाकून φ शोधता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग: 'चुका उरतच नाहीत.' इथे मी एक पूर्ण हिशेब मांडतो. समजा आपल्याला एक वारंवारिता मोजायची आहे, अणुघड्याळात मोजतात तशी. क्यूबिट शंभर आहेत, एकूण वेळ १०० सेकंद आहे, आणि प्रत्येक क्यूबिटवर स्वतंत्र डीफेजिंग होतं आहे. म्हणजे बाहेरच्या लहानसहान हालचालींमुळे त्याचा फेज हळूहळू पुसला जातो, इतक्या वेगाने की सिग्नलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे φ बदलल्यावर उत्तरांचा कल किती ठळकपणे बदलतो ते प्रमाण, १ सेकंदात e ने भागला जातो.

सुट्या क्यूबिटांसाठी प्रत्येक वेळी किती थांबायचं? फार कमी थांबलं तर फेज साचत नाही, फार थांबलं तर पुसला जातो. सर्वोत्तम वेळ येते अर्धा सेकंद. तेव्हा कॉन्ट्रास्ट ०.६०७ उरतो आणि एका क्यूबिटच्या एका वाचनातली अनिश्चितता 1/(0.5 × 0.607), म्हणजे सुमारे ३.३० रेडियन प्रति सेकंद. १०० सेकंदांत २०० फेऱ्या, प्रत्येकीत १०० क्यूबिट, मिळून २०,००० वाचनं. ३.३० ला √20000 ने भागलं की ०.०२३३.

आता तेच शंभर गुंतवा. फेज शंभरपट वेगाने साचतो, हे खरं. पण शंभरांपैकी कोणाचाही फेज पुसला गेला तरी एकत्रित फेज पुसला जातो, म्हणून कॉन्ट्रास्टही शंभरपट वेगाने मरतो. सर्वोत्तम वेळ शंभराव्या हिश्शावर येते: ५ मिलीसेकंद. कॉन्ट्रास्ट तोच, ०.६०७. एका वाचनातली अनिश्चितता 1/(100 × 0.005 × 0.607), म्हणजे पुन्हा ३.३०. आणि १०० सेकंदांत फेऱ्या किती? २०,०००. उत्तर ०.०२३३.

तोच आकडा. मी पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा कुठेतरी N गाळलाय असं वाटून तीनदा तपासलं. काहीही गळलं नव्हतं. सुसाना हुएल्गा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ सालीच हे दाखवून दिलं होतं: अशा नॉइजमध्ये जीएचझेड अवस्था आणि सुटे क्यूबिट वारंवारितेच्या मापनात बरोबरीत सुटतात. N शंभर असो की दहा लाख, फरक पडत नाही. वर आणखी एक गोष्ट: आपण तयारीचा आणि वाचनाचा वेळ शून्य धरला होता. प्रत्येक फेरीला त्यासाठी १० मिलीसेकंद जातात असं धरा. अर्धा सेकंद थांबणाऱ्या सुट्या क्यूबिटांना ते जाणवतही नाही, त्यांचा आकडा ०.०२३५ होतो. पण ५ मिलीसेकंदांच्या फेरीसाठी १० मिलीसेकंदांची तयारी म्हणजे दोन तृतीयांश वेळ तयारीतच जातो. थांबण्याची वेळ नव्याने जुळवून पाहिली तरी गुंतलेल्यांचा आकडा ०.०३७ च्या खाली जात नाही. इथे सुटेच जिंकतात.

मग जीएचझेडऐवजी दुसरी, जरा कमी नाजूक अवस्था घेतली तर? थोडा फायदा होतो. सौम्यपणे गुंतलेल्या, स्क्वीझ केलेल्या, म्हणजे मोजायच्या दिशेतली चढउतार दाबून कमी केलेल्या अवस्थांनी या नॉइजमध्ये अनिश्चितता जास्तीत जास्त √e पट, म्हणजे सुमारे १.६५ पट कमी करता येते. २०११ आणि २०१२ साली आलेल्या सर्वसाधारण सिद्धतांनी हे पक्कं केलं: प्रत्येक क्यूबिटवर स्वतंत्र डीफेजिंग किंवा गळती, म्हणजे क्यूबिट हरवणं, असेल आणि त्यावर वेगळा उपाय नसेल, तर N खूप मोठा झाल्यावर कोणतीही गुंतलेली अवस्था 1/√N च्या प्रमाणातून सुटू शकत नाही. फक्त पुढचा स्थिरांक सुधारतो. तो किती सुधारेल हे नॉइज किती कमी आहे त्यावर ठरतं. प्रत्येक क्यूबिटचा कॉन्ट्रास्ट ०.९९ असेल आणि फेज एकदाच लागत असेल, तर फायद्याची कमाल सुमारे ७ पट येते. हजार क्यूबिट असोत की दहा लाख, ७ पट. दहा लाखपट अचूकतेचं स्वप्न मोडतं ते इथे.

इतकंच नाही. याच ०.९९ कॉन्ट्रास्टवर हजार क्यूबिट एकाच जीएचझेडमध्ये गुंतवले तर एकत्रित कॉन्ट्रास्ट 0.99^1000, म्हणजे सुमारे 0.000043. एका वाचनातली अनिश्चितता २३ रेडियन होते, म्हणजे φ बद्दल काहीच कळत नाही. तेच हजार क्यूबिट पन्नास-पन्नासच्या वीस गटांत गुंतवले तर ०.००७४ रेडियन मिळतात, आणि सुटे ठेवले तर ०.०३२. जास्त गुंतवणं म्हणजे जास्त चांगलं, हा समजच मुळात चुकीचा आहे. प्रत्येक नॉइजला गटाचा आपला एक आकार असतो, त्यापुढे गेलं की हातचंही जातं.

सगळ्या क्यूबिटांवर एकसारखा पडणारा नॉइज तर अजून कठोर. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधल्या गटाने २०११ साली १४ कॅल्शियम आयनांची जीएचझेड अवस्था तयार केली. त्यांच्या सापळ्यातला मुख्य नॉइज सगळ्या आयनांना एकाच वेळी सारखाच हलवणारा होता, आणि अवस्था आयनांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात लवकर मोडते असं त्यांना आढळलं. कारण समजायला सोपं आहे: सगळ्यांवर सारखा पडणारा नॉइज हा आपल्या सिग्नलसारखाच दिसतो. सिग्नल चौदापट मोठा करून ऐकणारी अवस्था तो नॉइजही चौदापट मोठा करूनच ऐकणार.

मग गुंतवणं कुठे कामाचं? वरचंच उपकरण घ्या, फक्त सिग्नल बदला: तो अर्ध्या मिलीसेकंदातच येऊन जाणारा आहे. आता सुट्या क्यूबिटांना अर्धा सेकंद थांबण्याची मुभा नाही. एवढ्या वेळात शंभरांच्या गुंत्याचा कॉन्ट्रास्ट ०.९५ उरतो, आणि फायदा आदर्श दहापटीच्या जागी साडेनऊपट मिळतो. नॉइज तोच, क्यूबिट तेच, उत्तर पूर्ण वेगळं. म्हणून सिग्नल किती वेळ टिकतो हे न सांगता 'गुंतवणं फायद्याचं' किंवा 'निरुपयोगी' म्हणणं, दोन्ही अपुरं. नॉइज सिग्नलहून वेगळ्या दिशेने क्यूबिटला हलवत असेल तर क्वांटम एरर करेक्शनने, म्हणजे चुका ओळखून वेळीच दुरुस्त करण्याच्या पद्धतीने, हायझेनबर्ग स्केलिंग टिकवता येतं, हेही सिद्ध झालेलं आहे. पण नॉइज आणि सिग्नल एकाच दिशेचे असतील, वरच्या डीफेजिंगसारखे, तर ती वाट बंद असते.

प्रत्यक्षात जे मोठे फायदे मिळाले ते बहुतेक स्क्वीझिंगने मिळाले, जीएचझेडने नाही. स्टॅनफर्डमध्ये २०१६ साली सुमारे ५ लाख रुबिडियम अणूंवर २० डेसिबल, म्हणजे चढउतारीचा वर्ग शंभरपट कमी झालेला दिसला. तेवढंच सुट्या अणूंनी साधायचं तर शंभरपट अणू लागले असते. ही विलक्षण कामगिरी आहे. पण ५ लाख अणूंचं हायझेनबर्ग स्केलिंग म्हणजे ५ लाखपट, सुमारे ५७ डेसिबल. २० आणि ५७ यांच्यामधलं अंतर हे त्या प्रयोगाचं अपयश नाही, वरच्या सगळ्या हिशेबाचं ते प्रत्यक्षातलं रूप आहे.

कोणी हायझेनबर्ग स्केलिंगचा दावा केला तर आलेखावर एक गोष्ट तपासा. cos Nφ चा वक्र N पट दाट दिसणं पुरेसं नाही. जीएचझेड सुट्यांहून सरस ठरायला त्या वक्राचा कॉन्ट्रास्ट 1/√N पेक्षा जास्त हवा: चार क्यूबिटांसाठी ०.५, चौदांसाठी ०.२७. आणि तो कॉन्ट्रास्ट हरवलेली वाचनं धरून काढलेला हवा. फोटॉनांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत जे फोटॉन डिटेक्टरपर्यंत पोचलेच नाहीत ते हिशेबातून वगळले जात. एकही फोटॉन न वगळता, सगळ्या गळतीसह 1/√N ची मर्यादा ओलांडल्याचं ग्रिफिथ विद्यापीठातल्याच गटाने २०१७ साली दाखवलं. त्यासाठी त्यांनी गुंतवलेले फोटॉन होते दोन.